बायबलमधले अध्याय आणि वचनांचे आकडे कुठून आले?

येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, म्हणजे रोमकरांना, पत्र पाठवलं तेव्हा त्यात सोळा अध्याय नव्हते. एकही नव्हता. इसवी सन ५७ च्या सुमारास तो बोलत गेला आणि तर्तियस नावाच्या लेखनिकाने ते उतरवून घेतलं. पत्राच्या शेवटी तर्तियसने स्वतःचाही सलाम घातला आहे. आज आपण ती ओळ 'रोमकरांस १६:२२' अशी दाखवतो. त्यातला सोळा हा आकडा तेराव्या शतकातला आहे, म्हणजे पत्रानंतर साडेअकराशे वर्षांनी आलेला. बावीस हा आकडा त्याहून सव्वातीनशे वर्षांनी, १५५१ साली आला. दोन वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी, पण एकाच कारणासाठी हे आकडे घातले. त्यांना मजकुरातली जागा चटकन सापडायला हवी होती. मजकूर वाचायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हताच. पुढे सगळं जग मात्र त्या आकड्यांच्या हिशेबाने वाचायलाही लागलं.

मराठी वाचकाला हा फरक पटकन कळत नाही, कारण आपल्या ओळखीचे ग्रंथ बहुतेक पद्यात आहेत. ज्ञानेश्वरीतली ओवी कुठे संपते हे ज्ञानदेवांनीच ठरवलं आहे. तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा चरण सुटतो, ओवी पूर्ण होते. छापताना पुढे आकडा घातला तरी तो कवीने पाडलेल्या भागांची नुसती मोजणी असतो. पौलाचं पत्र मात्र गद्य आहे. त्याची वाक्यं लांबलचक असतात, एका वाक्यातून दुसरा विचार फुटतो, मधेच तो पहिल्या मुद्द्यावर परत येतो. अशा मजकुराचे तुकडे पाडायचे तर कापायचं कुठे, हे कापणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

मूळ हस्तलिखितं पाहिली तर हे आणखी स्पष्ट होतं. नव्या कराराची सर्वात जुनी ग्रीक हस्तलिखितं सलग मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत. दोन शब्दांमध्येही जागा सोडलेली नाही, विरामचिन्हं अगदी तुरळक. तरीही जुन्या लोकांना विभाग करता येत नव्हते असं समजू नये. चौथ्या शतकात कैसरियाच्या युसेबियसने येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांचे छोटे छोटे क्रमांकित भाग वापरून तक्ते केले होते. मत्तयाचे ३५५ भाग होते, म्हणजे आजच्या २८ अध्यायांपेक्षा कितीतरी बारीक. कुठला प्रसंग चौघांनी सांगितला आहे, कुठला फक्त दोघांनी, हे त्या तक्त्यांवरून कळायचं. इब्री ग्रंथांतही परिच्छेद दाखवायला ओळीत मोकळी जागा सोडायची रीत होती. मृत समुद्राजवळ सापडलेली यशयाची गुंडाळी ख्रिस्तापूर्वीची आहे, तिच्यात तशा मोकळ्या जागा आजही दिसतात. पण तिथे आकडे नाहीत. आज आपण ज्याला यशयाचा चाळिसावा अध्याय म्हणतो, 'सांत्वन करा' अशी सुरुवात असलेला, तो त्या गुंडाळीत एका स्तंभाच्या अगदी शेवटच्या ओळीवर सुरू होतो. पुढचा मोठा भाग इथून सुरू होतो असं नक्कल करणाऱ्याला वाटलं असतं, तर त्याने तो वरून, नव्या स्तंभात घेतला असता.

आता तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पॅरिसमध्ये येऊ. तिथल्या शाळांत युरोपभरातून विद्यार्थी यायचे आणि येताना आपापल्या मठातली लॅटिन बायबलची प्रत आणायचे. प्रत्येक प्रतीत विभाग वेगळे. एका प्रतीत एखाद्या पुस्तकाचे तीस भाग, तर दुसरीत सत्तर. गुरूने वर्गात भागाचा क्रमांक सांगितला तर अर्धे विद्यार्थी भलत्याच पानावर. ही अडचण रोजची होती. तिथे शिकवणारा इंग्रज पंडित स्टीफन लँग्टन याच्या नावावर आजची अध्यायांची विभागणी सांगितली जाते. हाच लँग्टन पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या घडामोडींत अग्रभागी होता. काही हस्तलिखित-अभ्यासक या विभागणीचं मूळ लँग्टनच्याही आधी, इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या मठात शोधतात. सुरुवात कुणीही केली असो, ती जगभर पसरली पॅरिसमुळे. १२३० च्या आसपास तिथल्या पुस्तकविक्रेत्यांकडे एक नव्या धर्तीचं बायबल तयार होऊ लागलं. एकच खंड, पातळ चर्मपत्र, बारीक अक्षर, पुस्तकांचा ठरलेला क्रम आणि सगळीकडे सारखे अध्याय. फिरत्या प्रवचनकारांना ते झोळीत घालून नेता यायचं. त्यांच्याबरोबर अध्यायही गावोगाव गेले.

अध्याय एकसारखे झाल्यावर जे काम आधी जमण्यासारखं नव्हतं ते करता आलं. पॅरिसमधल्या डॉमिनिकन संन्याशांनी सेंट-शेरच्या ह्यूच्या देखरेखीखाली बायबलमधल्या शब्दांची सूची केली. कुठला शब्द कुठे कुठे येतो, याची वर्णानुक्रमाने यादी. पण अध्याय मोठे असतात. नुसता अध्यायाचा क्रमांक देऊन शब्द सापडत नाही. त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. प्रत्येक अध्याय मनातल्या मनात सात सारख्या भागांत वाटायचा आणि त्यांना ए ते जी अशी अक्षरं द्यायची. अध्याय लहान असला तर चारच भाग. प्रतीत काहीही लिहायचं नाही. 'सी' म्हटलं की वाचकाने अंदाजाने अध्यायाच्या मध्याच्या जरा अलीकडे नजर टाकायची. वचनांचे आकडे येईपर्यंत तीन शतकं युरोपातल्या विद्वानांनी याच पद्धतीवर काम चालवलं.

ज्यू समाजात गोष्ट उलटी होती. त्यांच्याकडे वचनं फार जुनी, अध्याय मात्र उसने. सभास्थानात तोराह, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, ठरलेल्या चालीवर म्हटला जातो, त्यामुळे वचन कुठे संपतं हे पिढ्यान् पिढ्या तोंडी ठरलेलं होतं. पुढे मसोरेत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंडितांनी वचनाच्या शेवटाची खूण हस्तलिखितांत पक्की केली. फक्त त्यावर आकडे नव्हते. चौदाव्या-पंधराव्या शतकात ख्रिस्ती धर्मगुरूंशी जाहीर वादविवाद करण्याची वेळ ज्यू पंडितांवर येत असे. समोरचा लॅटिन बायबलचा अध्याय सांगणार आणि इब्री ग्रंथात तो आकडाच नाही! १४३७ ते १४४७ या काळात फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या रब्बी आयझॅक नाथान यांनी पहिली इब्री शब्दसूची केली आणि तिच्यासाठी लॅटिन बायबलचे अध्याय घेतले. इथेही कारण तेच, जागा सापडण्याचं.

वचनांना छापील आकडे देण्याचा प्रयत्न १५२८ मध्ये लियाँला छापलेल्या सांतेस पाग्नीनी यांच्या लॅटिन बायबलमध्ये झाला. जुन्या कराराला मसोरेतांची वचनं तयारच होती. नव्या कराराला तसा आधार नव्हता, तिथे पाग्नीनींनी स्वतः भाग पाडले, पण ते बरेच लांब होते आणि टिकले नाहीत. टिकले ते रोबेर एस्तियेन या फ्रेंच छापखानेवाल्याचे. राजासाठी ग्रीक ग्रंथ छापणारा हा विद्वान माणूस पॅरिसच्या धर्मपंडितांच्या छळाला कंटाळून जिनिव्हाला गेला होता. तिथे १५५१ मध्ये त्याने ग्रीक नवा करार छापला. ग्रीक मजकुराच्या दोन बाजूंना दोन लॅटिन भाषांतरं होती. तीन रकाने वाचताना कुठली ओळ कुठल्या ओळीची जोडीदार हे कळायला हवं, म्हणून मजकुराचे छोटे भाग पाडून त्यांना क्रमांक दिले. शिवाय त्याला ग्रीक नव्या कराराची शब्दसूची काढायची होती. तिच्यासाठी ए ते जी या अंदाजी भागांपेक्षा नेमका आकडा हवाच होता.

त्याचा मुलगा आंरी याने पुढे लिहून ठेवलं की वडिलांनी हे काम बरंचसं पॅरिसहून लियाँला घोड्यावरून जाताना, प्रवासातच केलं. यावरून घोड्याच्या हिसक्यांबरोबर चुकीच्या जागी रेघा पडल्या अशी कथा पसरली. मुक्कामाच्या खाणावळींत बसून त्याने खुणा केल्या असाव्यात, हे मला जास्त पटतं. काही जागा खटकतात हे खरं, पण जवळजवळ आठ हजार वचनांच्या नव्या करारात बहुतेक वचनं वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या शेवटीच संपतात.

एस्तियेनने १५५३ मध्ये फ्रेंच आणि १५५५ मध्ये लॅटिन बायबल याच आकड्यांसह छापलं. १५५७ मध्ये जिनिव्हातून इंग्रजी नवा करार निघाला, १५६० मध्ये संपूर्ण इंग्रजी बायबल. आपल्याकडे सेरामपूरला मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला, तोवर ही विभागणी अडीचशे वर्षांची झाली होती.

खरा घोळ आकड्यांपेक्षा छपाईच्या एका सवयीने केला. प्रत्येक वचन नव्या ओळीवर सुरू करायचं, ही ती सवय. आकडा शोधायला ते सोयीचं, पण सलग पत्र सुट्या सुभाषितांच्या यादीसारखं दिसू लागलं. पौलाच्या पत्रांवर भाष्य लिहिताना इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच तक्रार केली होती की मजकुराचे असे तुकडे केल्यामुळे सामान्य माणूसच नव्हे, जाणकारही प्रत्येक वचन स्वतंत्र वाक्य म्हणून घेतात आणि युक्तिवादाचा धागा हरवतो. १८८१ मध्ये इंग्रजीतल्या सुधारित नव्या कराराने मजकूर पुन्हा परिच्छेदांत छापला आणि आकडे समासात नेले.

आता एक जागा जवळून पाहू. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय, वचन २१ आणि २२. एकविसाव्यात पौल सगळ्यांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगतो. बाविसाव्यात बायकांना आपापल्या पतीच्या अधीन राहायला सांगतो. मराठीत ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दोन्हींना आपापलं क्रियापद आहे. कित्येक आवृत्त्यांत दोन्हींच्या मधे कुटुंबाविषयीचा मथळाही असतो. लग्नाच्या उपदेशात बहुधा बाविसाव्यापासून वाचायला सुरुवात होते.

ग्रीकमध्ये काय आहे? अठराव्या वचनात 'आत्म्याने परिपूर्ण व्हा' अशी आज्ञा आहे. मग तिला जोडून एकामागून एक धातुसाधितं येतात: एकमेकांशी बोलत, गात, उपकार मानत, आणि शेवटी एकमेकांच्या अधीन होत. एकच लांब वाक्य, चार वचनांत वाटलेलं. सर्वात जुन्या साक्षीदारांत, म्हणजे इसवी सन २०० च्या आसपासच्या पपायरस ४६ मध्ये आणि चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात, बाविसाव्या वचनाला क्रियापदच नाही. तिथे एवढंच आहे: 'बायका आपापल्या पतीच्या, जसं प्रभूच्या'. क्रियापद एकविसाव्यातून ओढून घ्यावं लागतं. म्हणजे बायकांना सांगितलेली गोष्ट ही सगळ्यांना सांगितलेल्या गोष्टीचाच पुढचा भाग आहे. ती तोडून वेगळी वाचताच येत नाही, कारण तोडली की वाक्य अपुरं राहतं.

मग एस्तियेनने तिथे का तोडलं? त्याच्यापुढच्या ग्रीक मजकुरात बाविसाव्या वचनात क्रियापद होतं. नंतरच्या बहुतेक हस्तलिखितांत ते आहे. नक्कल करणाऱ्यांनी अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून ते घातलं असावं. त्याच्या हातातल्या मजकुराप्रमाणे त्याने योग्य जागी रेघ मारली. पुढे जुनी हस्तलिखितं अभ्यासली गेली, संपादकांनी क्रियापद काढलं, पण आकडा जागचा हलला नाही. नवरा-बायकोच्या नात्याबद्दल पौलाला काय म्हणायचं होतं, यावर प्रामाणिक मतभेद राहतील. पण एकवीस न वाचता बावीस वाचणं हा वाचकाचा निवाडा नसतो, तो आकड्याने परस्पर केलेला असतो. मला हे मनापासून खटकतं, कारण त्याचे परिणाम घराघरांत होतात.

दुसरं उदाहरण बायबलच्या पहिल्याच पानावर आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सहा दिवसांची निर्मिती संपते आणि सातवा दिवस, देवाच्या विसाव्याचा, दुसऱ्या अध्यायात जातो. अध्याय दिवसाच्या आकृतिबंधाला मधेच तोडतो. तोराहच्या गुंडाळीत तसं नाही. तिथे प्रत्येक दिवसानंतर मोकळी जागा सोडलेली असते आणि सातव्या दिवसानंतरही तशीच, आज आपण ज्याला २:३ म्हणतो तिथे. मग पुढची गोष्ट सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना ज्यू घरात पेला हातात घेऊन जो किद्दुश नावाचा आशीर्वाद म्हटला जातो, तो पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या शब्दांपासून, 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली, सहावा दिवस', सुरू होऊन न थांबता दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापर्यंत जातो. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांत हाच किद्दुश मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेऊन म्हणायची रीत आहे. म्हणणाऱ्यांना तिथे अध्याय बदलतो हे जाणवतही नाही.

अशा जागा ओळखायच्या कशा? सोपी खूण म्हणजे अध्यायाचा पहिला शब्द पाहायचा. 'म्हणून', 'तर मग', 'ही' अशी सुरुवात असेल तर मागचा परिच्छेद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा सातवा अध्याय 'ही अभिवचने आपल्याला मिळाली आहेत म्हणून' अशा अर्थाने सुरू होतो. कुठली अभिवचनं? सहाव्याच्या शेवटच्या तीन वचनांतली. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या दुःख सोसणाऱ्या सेवकाची ओळख बावन्नाव्याच्या तेराव्या वचनातच होऊन गेलेली असते. सर्वात उघड तडा प्रेषितांच्या कृत्यांत आहे. यरुशलेमेत पौल पायऱ्यांवर उभा राहतो, लोकांना हाताने खुणावतो, शांतता पसरते, आणि तो इब्री भाषेत बोलू लागतो. 'म्हणाला' या शब्दावर एकविसावा अध्याय संपतो. तो काय म्हणाला ते बाविसाव्यात आहे.

दुसरी खूण आकड्यांतच दिसते. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात काही आवृत्त्यांत वीसनंतर थेट बावीस येतो. काहींत एकवीस कंसात किंवा तळटीपेत असतो. प्रार्थना आणि उपास यांविषयीचं ते वचन एस्तियेनच्या मजकुरात होतं, सर्वात जुन्या चांगल्या हस्तलिखितांत नाही. संपादकांनी मजकूर काढला तरी पुढचे आकडे सरकवले नाहीत. सरकवले असते तर चारशे वर्षांची भाष्यं, सूच्या, प्रवचनं, सगळ्यांतले संदर्भ चुकले असते. कृत्ये ८:३७ ची गोष्ट तीच. भाषांतरकाराने वचन लपवलं असा संशय अशा रिकाम्या आकड्यांवरून कधी कधी घेतला जातो. पण आकडा १५५१ चा आहे आणि मजकुराचा निर्णय त्यानंतर सापडलेल्या व तपासलेल्या हस्तलिखितांवरून झालेला आहे.

ज्यू आवृत्तीतला संदर्भ मराठी बायबलमध्ये शोधणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इब्रीत मलाखीचे तीनच अध्याय आहेत. आपला चौथा तिथे तिसऱ्याच्या १९ ते २४ या वचनांत बसतो. योएलचे तिथे चार, आपल्याकडे तीन. स्तोत्रांत इब्री मोजणी शीर्षकालाही वचन धरते. एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या शीर्षकातच दोन वचनं खर्च होतात, त्यामुळे 'माझ्यावर दया कर' ही आपल्याकडची पहिली ओळ इब्रीत तिसरी ठरते. स्तोत्राचा संदर्भ एक-दोन वचनांनी हुकला, तर आधी वर शीर्षक आहे का ते पाहावं. चूक बहुधा तिथेच सापडते.